मूळ पत्र फ्रिजवर

गुरुग्रामच्या माझ्या फ्लॅटचं कुलमुखत्यारपत्र मी त्याच सोसायटीत राहणाऱ्या मेहुण्याला दिलं होतं. त्यानं मला न विचारता भाडेकरू बदलला आणि माझं डोकंच फिरलं. मुखत्यारपत्र नोंदवलेलं होतं, म्हणून त्याच सबरजिस्ट्रारकडे जाऊन रद्दही नोंदवूनच केलं. मग लक्ष्मीबाई नगरच्या क्वार्टरमध्ये बसून त्याला पत्र लिहिलं: यापुढे तुमची सही माझ्यावर बंधनकारक नाही. खाली ‘प्रत माहितीसाठी’: सोसायटी, बँक, भाडेकरू. आयुष्य सरकारी नोकरीत गेलेलं; प्रतींची यादी करताना मला वेगळीच मजा येते. तिन्ही प्रती रजिस्टर्ड पोस्टानं गेल्या.

मेहुण्याचं मूळ पत्र तेवढं बायकोनं अडवलं. “घरच्या माणसाला पोस्टानं? रविवारी जेवायला येतोय, तेव्हा हातात द्या.”

रविवारी पुरणपोळ्या झाल्या, क्रिकेट झालं. पत्र फ्रिजवरच राहिलं.

बुधवारी तो फ्लॅटच्या चाव्या घेऊन आला. सोसायटीच्या नोटीस बोर्डावर त्यानं माझं पत्र वाचलं होतं. मी घाईघाईनं फ्रिजवरचं पाकीट पुढे केलं. त्यानं पोच म्हणून शांतपणे सही केली, तारीख घातली.

“भाऊजी,” तो म्हणाला, “तुम्ही मला तिसरी पोळी आग्रहानं वाढत होतात ना, तेव्हा आमच्या वॉचमनलासुद्धा हे ठाऊक होतं.”