काकूंच्या हाताला येईल असं

आमच्या कर्वेनगरच्या सोसायटीत आग विझवायचे सिलिंडर कुठे टांगायचे, ते सेक्रेटरी म्हणून मीच ठरवलं होतं. लॉबीची शोभा जाऊ नये म्हणून जिन्याच्या दारालगत, जिराफालाच पुरेल अशा उंचीवर.

तपासणीला आलेल्या बाई चार फुटी, दरारा मात्र दहा हत्तींचा. टोकाच्या घरात एकट्या राहणाऱ्या काकूंना त्या म्हणाल्या, "समजा, तुमच्या ओट्यावर भडका उडालाय. सिलिंडर आणा."

काकू टाचा उंचावून दमल्या. "मेल्यावर आणते हो, वरून सोपं पडेल."

बाईंनी जिन्याचं दार सताड उघडलं. सिलिंडर दारामागे गडप! मग काकूंच्या दारापासून सिलिंडरपर्यंत, चपलांच्या रॅकना वळसे घालत त्यांनी टेप धरली. नकाशावर पट्टी ठेवून मी काढलेले बारा मीटर चालताना एकोणीस भरले.

"सेक्रेटरी, काकू भिंतीतून जाणार का? पंधराच्या आत हवा."

नवी जागा त्यांनीच दाखवली: काकूंच्या घरापासून जिन्याकडे जाताना समोर दिसणारी मोकळी भिंत, मूठ काकूंच्या छातीखाली, वर लाल पाटी. तिथे टांगल्यावर काकूंनी दोन्ही हातांनी सिलिंडर अलगद उतरवला. मी अशी टाळी वाजवली की थेट मांजरी गावापर्यंतचा ऊस हलला.