इंग्रजीची वीस मिनिटं

आमच्या अभ्यासिकेत दर रविवारी सराव परीक्षा व्हायची आणि मग अभ्यासिकेचे मालक, ज्यांना सगळे काका म्हणत, फळ्यावर प्रत्येकाचे एकूण गुण लिहायचे. फक्त एकूण. त्या फळ्यावर मी कायम पहिला. गणितात माझा वेग असा, की सोलापूरच्या उन्हात माझ्या पेनाची शाई सुकायच्या आत बेरीज बाहेर पडायची. शेजारची पोरं सांगायची, तू उदाहरण सोडवायला लागलास की पंखा आपोआप जोरात फिरतो. मी नाही म्हणत नसे.

बँकेच्या पूर्वपरीक्षेत तीन विभाग असतात: इंग्रजी, गणित, बुद्धिमापन. प्रत्येकाला वीस मिनिटं. वीस मिनिटं संपली की पडदा बदलतो. गणितात वाचवलेला वेळ इंग्रजीला उसना देता येत नाही. आणि प्रत्येक विभागाचा कट-ऑफ वेगळा. एकात जरी खाली राहिलात, तरी एकूण कितीही असो, बाहेर.

हे मला माहीत होतं. जसं डोक्यावर पंखा आहे हे माहीत असतं, तसं.

त्या वर्षीच्या पूर्वपरीक्षेचा निकाल मी अभ्यासिकेच्या जिन्यात मोबाईलवर पाहिला. एकूण कट-ऑफच्या बराच वर. इंग्रजीत थोडक्यात खाली. नापास. मी एरवी बूट हरवला तरी त्यावर तासभर गोष्ट सांगणारा माणूस. त्या दिवशी शब्दच सुचेना. रडू नाही, राग नाही. खाली जाऊन एक चहा घेतला, तो थंड झाला, तसाच प्यायलो. वयाच्या अटीत माझी एकच परीक्षा उरली होती.

समोरच्या टेबलावर अक्कलकोटची एक मुलगी बसायची. घरी कन्नड, इथं मराठी, पेपरात इंग्रजी. फळ्यावर कायम मध्यात. तिनं माझं गुणपत्रक बघायला मागितलं.

"दादा, रोज गणिताला किती वेळ देता?"

"निम्मा दिवस. कधी जास्त."

"आन् इंग्रजीला?"

"जेवणानंतर. झोप येईपर्यंत."

"म्हंजे न्हाईच की!" ती हसली. "गणितात तुमी आधीच वर हाय. तितं आनखी घासून काय मिळतंय? फळ्यावर नाव?"

"मग तुझं नाव का नाही वर?"

"मला बँकेत बसायचंय, फळ्यावर न्हाय."

काका काउंटरवरून ओरडले, "ए, माझ्या फळ्याला नावं ठेवू नका!"

तिची पद्धत साधी होती. कच्चा विषय आधी, सकाळी, डोकं ताजं असताना. कट-ऑफ दरवेळी बदलतो, म्हणून मागच्या आकड्याला टेकून थांबायचं नाही. त्याच्या वर थोडी जागा ठेवायची. सलग काही रविवार तो विषय तिथंच टिकला, की त्याचा वेळ कमी करायचा, पण बंद नाही. उरलेला वेळ, जिथं एकूण गुण लवकर वाढतात तिथं.

मी सकाळ इंग्रजीला दिली. उतारे, रिकाम्या जागा, चुका शोधणं. चुकीच्या उत्तराला गुण कापतात, म्हणून अंदाजानं ठोकणं सोडलं. त्या दिवसांबद्दल सांगण्यासारखं काही नाही, आणि हे मी म्हणतोय. उठायचं, उतारा वाचायचा, चुकायचं, पुन्हा वाचायचं. गणिताला रोज एकच छोटा संच. फळ्यावर मी घसरत गेलो. काकांनी एकदा माझ्या कपाळाला हात लावून ताप पाहिला.

"बरं वाटतंय ना रे?"

"वाटत काहीच नाही, काका," मी म्हणालो. ते खरंच होतं.

परीक्षेत इंग्रजीची वीस मिनिटं संपली तेव्हा पाच-सहा प्रश्न मी मुद्दाम कोरे सोडले होते. पूर्वीचा मी त्यांना हात लावल्याशिवाय उठलो नसतो.

निकाल लागला. तिन्ही विभाग पार. इंग्रजी थोडक्यात वर; गणित आजवरचं माझं सगळ्यात कमी, तरी पुरेसं. एकूणही कट-ऑफच्या वर. तीही पास झाली होती. मला नाचायला हवं होतं. निदान पुढच्या दहा वर्षांना पुरेल अशी थाप रचायला हवी होती. मी मोबाईल टेबलावर पालथा ठेवला आणि बसून राहिलो.

ती समोर येऊन बसली. "पेढे नंतर. पूर्वपरीक्षेचे गुण पुढं धरत न्हाईत, ठाव हाय न्हवं? मुख्य परीक्षेत सामान्य ज्ञानाचा पन वेगळा कट-ऑफ हाय. तुमचं कसं हाय त्यात?"

"शेवटचं वर्तमानपत्र मी भेळ खाताना वाचलंय."

"मग सकाळ त्याला द्या."

"आणि इंग्रजी?"

"जेवनानंतर. पन झोपायचं न्हाय."

मी मान हलवली. दुसऱ्या दिवशी सकाळी बातम्यांचा मासिक अंक उघडला आणि पहिल्या पानापासून वाचायला लागलो. आनंद अजून आलेला नव्हता. त्याच्यासाठी मी वेळही ठेवला नव्हता.