दोऱ्याची खूण

कडक काकूंच्या हातची इस्त्री म्हणजे युनिफॉर्मच्या बाहीच्या घडीने भाजी चिरावी. हे नाव त्यांना कपड्यांवरून पडलं की जिभेवरून, यावर आमच्या गल्लीत एकमत नव्हतं. त्यांची लाँड्री होती. पुढे काउंटर, मागे भिजवणीचा हौद, वर राहायच्या दोन खोल्या. घरात काकू, त्यांचा धाकटा दीर आणि त्याची बायको. काकूंचा नवरा गेलेला, मुलगा परगावी शिकायला. गिऱ्हाईक ओळखायला प्रत्येक घराची दोऱ्याची खूण असायची. माझी निळी, कॉलरच्या आत दोन टाके. हे टाके घालायचं काम धाकट्या जावेचं. तिची बोटं चपळ, तोंड बंद.

मी मानसोपचार विभागात सिस्टर आहे, म्हणून काकू मला आपली जातभाई समजायच्या. कारण त्यांना स्वतःला बाळंतपणानंतर डिप्रेशन आलं होतं. मुलगा तीन-चार महिन्यांचा होईतो त्या हळूहळू खचत गेल्या. सकाळी उठवत नसे, रडू थांबत नसे, मुलाला घेतलं की वाटे, याला माझ्यापेक्षा बरी आई मिळायला हवी होती. सासरचे म्हणाले, वेड लागलं. काकू गोळ्या घेऊन, समुपदेशन घेऊन बऱ्या झाल्या आणि त्या एका शब्दाचा त्यांनी जन्मभर सूड घेतला. काउंटरवर कोणतीही बाळंतीण आली की त्या बजावत, "रडू येतंय? लपवू नकोस. हे वेड नाही, आजार आहे." कितीतरी जणींना त्यांनी हात धरून आरोग्य केंद्रात नेलं. हे खरं आहे आणि ते लिहायलाच हवं, कारण पुढचं लिहिताना मला त्यांची कीव करावीशी वाटत नाही.

धाकटीला मुलगा झाला. पुढचं सगळं मला नंतर घरच्यांकडून कळलं. पहिल्याच आठवड्यात तिची झोप उडाली. बाळ झोपलं तरी ती झोपेना, आणि दमेही ना. रांधणं, पुसणं, कपाट उपसून परत लावणं. एरवी बंद असलेलं तोंड सुरू झालं ते थांबेना. एक वाक्य अर्धं टाकून ती दुसऱ्याच विषयावर जाई. मध्येच खदखदून हसे, मध्येच दाराकडे बघत गप्प होई, जणू कोणी काही सांगतंय. तासाभराने पुन्हा नीट. दीर घाबरला. काकू म्हणाल्या, "मीही झोपत नव्हते. होतं असं."

मग तिने बाळाच्या पायात दोरा बांधला. लाल.

"हे काय गं?" काकूंनी विचारलं.

"खूण, ताई. बदलू नये म्हणून."

काकू पोट धरून हसल्या. "भावोजी, ऐकलंत का, आपला लेकही गिऱ्हाइकाचं गाठोडं झाला!" दीरही हसला. लाँड्रीतल्या माणसांनाच सुचेल असा विनोद होता तो. दुसऱ्या दिवशी धाकटी बाळाला हातभर लांब धरून आली आणि हळूच म्हणाली, "मी हिरवा बांधला होता. हा लाल आहे. ताई, हा आपला नाही." या वेळी काकू हसल्या नाहीत. त्यांनी दोरा कात्रीने कापला आणि केरात टाकला.

इथे माझा संताप सुरू होतो. त्याच सकाळी काकू आरोग्य केंद्रात गेल्या, पण धाकटीला न घेता. "लोक बघतील, उगाच नाव होईल," म्हणाल्या. तिथल्या समुपदेशक बाईंना त्यांनी सांगितलं की तिला झोप नाही, रडू येतं, उदास आहे. रडू? उदास? ते दुखणं धाकटीचं नव्हतंच, काकूंचं स्वतःचं जुनं होतं. बाईंनी नेमका प्रश्न विचारला, "काही भलतंच बोलते का? आवाज येतात म्हणते का? बाळाबद्दल काही विचित्र?"

"छे छे," काकू ताडकन म्हणाल्या. "ती वेडी नाही हो."

बाईंनी पुढच्या आठवड्याची वेळ दिली. डिप्रेशनला तेवढा उशीर चालून जातो, जीव द्यायचा विचार नसेल तर. त्यात बाळंतिणीच्या मनात बाळाबद्दल भलते विचार आले तरी त्यांची तिलाच भीती वाटते. जग तिला जगासारखंच दिसतं. बाळंतपणानंतरचा सायकोसिस, म्हणजे खऱ्या-खोट्याचं भानच सुटणं, वेगळा. तो विरळा, बहुतेकदा पहिल्या दोन आठवड्यांतच येतो, तासातासाला रंग बदलतो. त्यात बाईला भास होतात, भलत्या गोष्टींची खात्री पटते, आणि त्या खात्रीने सांगितलेलं ती करून मोकळी होते. तिथे वेळ घ्यायची नसते. तसंच उचलून आणायचं, त्याच दिवशी, आणि तोवर बाळाजवळ तिला एकटी सोडायची नाही. आमचा तातडीचा विभाग दिवसरात्र उघडा असतो, आणि लाँड्रीपासून चालत येण्याच्या अंतरावर आहे. माझे कपडे रोज ते अंतर जात-येत होते.

दोन दिवसांनी धाकटी सकाळी शांत उठली. न्हाली, जेवली, काकूंना म्हणाली, "ताई, आता बरं वाटतंय." दीर कामावर गेला. काकूंचा जीव भांड्यात पडला. "दोघं निवांत पडा जरा," म्हणत त्या पुढे काउंटरवर आल्या.

दुपारी धाकटी मागच्या दाराने पुढे आली. कोपरापर्यंत ओल्या बाह्या, चेहरा अगदी प्रसन्न.

"धुतला, ताई. खोटा रंग गेला सगळा. आता बघा, आपलाच आहे."

काकू हौदाकडे धावल्या. त्यापुढचं मी लिहिणार नाही.

पोलिसांनी धाकटीला आमच्याकडे आणलं. औषधं सुरू झाली. पहिले काही दिवस ती दोरे मागायची. नंतर झोप आली, मग बोलण्याला शेंडाबुडखा आला. या आजाराचा क्रूरपणा ऐका: तो चांगला बरा होतो. वेळेवर आणली असती तरी असाच बरा झाला असता, आणि बाळ काकूंच्या, बापाच्या, कुणाच्याही मांडीवर खेळत असतं. काही आठवड्यांत धाकटी पूर्ण भानावर आली. आपली धाकटीच होती ती, चपळ बोटांची, कमी बोलणारी. आणि तिने विचारलं, "बाळ कुणाकडे आहे?"

डॉक्टरांनी सांगितलं. नवरा एका बाजूला, मी दुसऱ्या बाजूला. खाटेच्या पायाशी काकू उभ्या होत्या, चुरगळलेल्या साडीत. ती किंचाळेल म्हणून मी तयारीत होते. ती किंचाळली नाही. तिने स्वतःचे हात उलटसुलट करून पाहिले. हौदाजवळचं तिला तुटक आठवत होतं. आधीचं मात्र सगळं आठवत होतं.

"ताई, मी तुम्हाला दोरा दाखवला होता ना?"

"हो."

"दोन वेळा."

"हो गं."

"पहिल्यांदा तुम्ही हसलात. दुसऱ्यांदा नाही हसलात." तिने मान वर केली. "म्हणजे तुम्हाला कळलं होतं."

काकूंच्या तोंडी आलं ते सवयीचंच वाक्य.

"तू वेडी नाहीस गं," त्या म्हणाल्या.

"होते," धाकटी म्हणाली. "होते ना, ताई. तेवढंच सांगायचं होतं तुम्ही."