कंसातला हशा

चंद्रपूरच्या आचल मेश्रामला मोहर्लीजवळच्या ‘पळसबन’ रिसॉर्टमध्ये नोकरी लागली, तेव्हा तिच्या आईला वाटलं, पोरगी वाघ दाखवते. प्रत्यक्षात आचल दिवसभर कानात इअरफोन खुपसून लोकांची बडबड पुसत असे. रिसॉर्टचा पॉडकास्ट होता, ‘जंगलाच्या कानात’. ऐकणारे मोजकेच, पण त्याचा ब्लॉग मात्र झालाच पाहिजे, असा मार्केटिंग बघणाऱ्या अतुल सरांचा हुकूम. सर पुण्याहून आले होते आणि तीन पावसाळे इथे काढूनही पुण्यातच राहत होते.

काम असं. मशीन संभाषणाची संहिता काढून देई. आचल त्यातले मिनिट-सेकंदांचे आकडे काढी, ‘म्हणजे’, ‘अं’, खोकला, हशा पुसून टाकी, मग विषयानुसार परिच्छेद पाडून उपशीर्षकं देई. शेवटी बोलण्यातलं एखादं ठसठशीत वाक्य उचलून मोठ्या अक्षरात चौकटीत मांडी. त्याला पुल कोट म्हणतात. सरांचा एकच धर्म होता: “कोटात पाहुण्याचा शब्द बदलायचा नाही.” गाळायला मात्र त्यांच्या धर्मात पूर्ण मुभा होती.

पॉडकास्टच्या एका भागात पाहुण्या होत्या कुंताबाई, गावच्या तलावात मासे धरणाऱ्या बायांच्या पुढारीण. रिसॉर्टने तलावाकडची जुनी वाट तारेने बंद केली होती, कारण पाहुण्यांच्या खिडकीतून ओली जाळी दिसत. त्याच रिसॉर्टने कुंताबाईंना बोलावून ‘निसर्गाशी नातं’ विचारावं, यालाच हल्ली संवाद म्हणतात. कुंताबाईंनी उत्तर दिलं होतं:

“वाट बंद केली ते बरंच केलं जी. तुमच्या पाहुण्याइले आमचे जाळे दिसत नाई, आमच्या लेकराइले मासे दिसत नाई. सारेच सुखी!”

संहितेत पुढे कंसात होतं, (बायका हसतात). आचलने ते सवयीने पुसलं. मग सरांनी मधलं वाक्यही गाळलं, तीन टिंबं टाकली आणि चौकट सजली: “वाट बंद केली ते बरंच केलं… सारेच सुखी!” वरचं उपशीर्षक होतं, ‘गावाची साथ’.

दुसऱ्या दिवशी चौकटीचा फोटो गावच्या ग्रुपवर फिरला. ब्लॉग कोण वाचतो? चौकट मात्र सगळे वाचतात. कुंताबाई तडक ऑफिसात आल्या.

“पोरी, मी असं म्हटलं?”

“म्हटलं तर तुम्हीच, मावशी.”

“म्हटलं. पण असं नाई म्हटलं. परवा ग्रामसभा हाय, वाट खुली करा म्हनून मीच उठनार. अन् तुह्या मालकाकडे माह्याच तोंडचं लिहून हाय. बाया मले म्हनून राह्यल्या, बाई, कितीक घेतले?”

आचलला लाज वाटली, चांगलीच वाटली. तिने मूळ ध्वनिमुद्रण पुन्हा ऐकलं. “सारेच सुखी” म्हटल्याबरोबर कुंताबाईंसोबत आलेल्या चार बायका अशा हसल्या होत्या की माईक दणाणला होता. अख्खा अर्थ त्या हशात होता, आणि तो तिनेच खोकल्यासोबत केरात टाकला होता.

ती सरांकडे गेली. सर म्हणाले, “कोट छोटा हवा. आणि हशा हा कंटेंट नसतो. तुला काय वाटतं ते कर, पण चौकट राहू दे, मला ती सभेत लागेल.” ‘तुला काय वाटतं ते कर’ हे सर रोज म्हणत, कारण करायला कोणी धजत नसे. आचल या वेळी धजली.

सभेच्या दिवशी सरांनी ब्लॉग छापून आणला. छापलेला कागद वाचायचे कष्ट त्यांनी घेतले नव्हते. आपण मंजूर केलेलं वाचायचं कशाला? कुंताबाई उठल्या तसे सर पुढे झाले आणि कागद ग्रामसेवकाच्या हातात देत म्हणाले, “बाईंचे स्वतःचे शब्द आहेत. मोठ्याने वाचा.”

ग्रामसेवक सरकारी माणूस, दिलेलं सगळं वाचणारा. त्याने उपशीर्षकापासून सुरुवात केली: “सुखी कोण कोण?” मग चौकट: “वाट बंद केली ते बरंच केलं जी. तुमच्या पाहुण्याइले आमचे जाळे दिसत नाई, आमच्या लेकराइले मासे दिसत नाई. सारेच सुखी!” तो जरा थांबला आणि त्याच सपाट आवाजात म्हणाला, “कंसात, बायका हसतात.”

आणि बायका हसल्या. मागच्या रांगेतल्या म्हाताऱ्यासुद्धा. मघाशी कुंताबाईंपासून सरकून बसलेल्या बायाच सगळ्यात आधी हसल्या. वाट खुली करण्याचा ठराव त्या हसण्यातच हात वर होऊन झाला.

बाहेर सर लाल होऊन आचलकडे वळले. “हे काय केलंस तू?”

“एकही शब्द बदलला नाही, सर,” आचल म्हणाली. “गाळला पण नाही.”