मिनेगिशींची लाल पेन्सिल

फुकुओकातल्या एका छोट्या गेम कंपनीत हिराकावा शिझुए शेडर, म्हणजे रंग-सावली ठरवणारे छोटे प्रोग्रॅम, लिहायची. पडद्यावरची त्रिमितीय बाहुली हाताने काढलेल्या चित्रासारखी दिसावी, एवढंच तिचं काम. मूळ चित्रं वयोवृद्ध चित्रकार मिनेगिशींची. चाळीस वर्षं अ‍ॅनिमेशनसाठी रेखाटलेल्या त्या हाताला आता कंप सुटला होता. म्हणून ते दर मंगळवारी येत, छापलेल्या दृश्यांवर लाल पेन्सिलीने चुका दाखवत आणि शिझुएबरोबर जेवून घरी जात. बायको गेल्यापासून घरी ते एकटेच होते.

पहिल्या मंगळवारी कागद लालेलाल झाला.

"सावली अशी वितळते कुठे? इथे उजेड, इथे अंधार. मध्ये धुकं नको!"

शिझुएने उजेडाच्या दोनच पायऱ्या केल्या. पृष्ठभाग दिव्याकडे किती वळलाय ते मोजायचं आणि ते माप ठरलेल्या आकड्याखाली गेलं की रंग थेट बदलायचा. नाकाशेजारी सावलीचे डाग पडले, तेव्हा चेहऱ्याचा प्रत्येक भाग कुठे वळलाय ते तिने नाकाऐवजी एका गुळगुळीत गोलावरून घेतलं आणि डाग गेले. बाह्यरेषेसाठी तिने मॉडेलची दुसरी प्रत थोडी फुगवून काळी केली आणि तिची फक्त मागची बाजू दिसू दिली, म्हणजे बाहुलीच्या कडेने काळी रेषा उरली.

"ही रेषा आहे की तार? टोकाला श्वास सोडावा तशी बारीक होऊ दे."

मग मॉडेलच्या प्रत्येक बिंदूवर रेषेची जाडी ठरवण्यात तिचे दोन महिने गेले.

लाल खुणा कमी होत गेल्या. वीस, सात, दोन. नोव्हेंबरात उरली एकच चूक. बाहीच्या धारदार कडेवर रेषा फाटत होती, कारण तिथे एकाच जागी दोन बिंदू होते आणि फुगवताना ते दोन दिशांना जात. दोन्ही दिशांची सरासरी काढून ती फक्त रेषेसाठी वापरली की फट बुजते, हे तिला ठाऊक होतं. तरी तिने ते केलं नाही. पुढच्या मंगळवारी खूण करायला काहीतरी हवं ना!

मिनेगिशींनी कागद हातात धरला, बाहीवर पेन्सिल टेकवली आणि थांबले.

"शिझुए, हे तुला जमत नाही?"

तिने नजर पडद्याकडे वळवली.

"मुद्दाम ठेवलंस."

"सेन्सेई," गुरूंना म्हणतात तसं ती म्हणाली, "तुम्ही यावं म्हणून..."

"माझ्या चित्रात भोक ठेवून मला जेवायला बोलावतेस होय?" ते ओरडले नाहीत. पेन्सिल खिशात घातली, सगळ्यांना वाकून नमस्कार केला आणि न जेवताच गेले.

तिने त्याच दुपारी फट बुजवली. नंतर दोनदा फोन केला. "काम छान झालंय, आता माझी गरज नाही," एवढंच ते म्हणाले. कामाशिवाय नुसतं भेटायला या, हे तिच्या ओठांवर आलं होतं, पण संकोचाने ती बोलली नाही.

फेब्रुवारीत ते गेले. अंत्यविधीला त्यांच्या मुलीने विचारलं, "मंगळवारी बाबा कुणाबरोबर जेवायचे, ते तुम्हीच का?"

"हो," शिझुए म्हणाली.