मामाला गेलेला बायोडाटा

आमच्या गावच्या जत्रेत बायकांचं नाटक होतं आणि त्यात मला खलनायिकेचं काम मिळालं होतं. दिग्दर्शिकेने संहिता व्हॉट्सअॅपवर पाठवली. मोबाइलवर वाचून पाठ होईना, म्हणून शाळा सुटल्यावर साखळीच्या बाजारातल्या झेरॉक्सच्या दुकानात गेले. मी तिथल्याच एका हायस्कुलात मराठी शिकवते. घर मात्र पेडण्याला, त्यामुळे संध्याकाळची बस म्हणजे माझ्यासाठी देवासारखी. ती चुकवायची नाही.

दुकानात गिऱ्हाइकांसाठी दोन कॉम्प्युटर होते. एकावर मी व्हॉट्सअॅप वेब उघडलं, पडद्यावरचा चौकोनी कोड मोबाइलने स्कॅन केला, संहिता उतरवून प्रिंट काढली. शेवटचं पान बाहेर पडत होतं तोच कंडक्टरची आरोळी ऐकू आली. कागद छातीशी धरले आणि धावले. पडद्यावर काय उघडं राहिलं याचा विचारही मनात आला नाही.

खिडकीजवळची जागा मिळाली. मी पहिला संवाद तोंडातल्या तोंडात म्हणत होते, तेवढ्यात मामाचा फोन आला. मामा पेडण्यातच राहतो, आईचा धाकटा भाऊ. माझं लग्न हा त्याचा निवृत्तीनंतरचा मुख्य उद्योग.

"अगो बाय, मुलगा बरा आहे," तो म्हणाला. "मिशी जरा कमी केली तर आणखी बरा दिसेल."

"कोण मुलगा?"

"आता लाजू नकोस. मामीनेही पाहिला. तिला मिशी आवडली."

पुढे काही विचारणार तोच बस डोंगराच्या वळणात शिरली आणि फोन तुटला. मी व्हॉट्सअॅप उघडलं. मामाच्या चॅटमध्ये, माझ्याकडून गेलेला, एका तरुणाचा कोट घातलेला फोटो. खाली बायोडाटा. आणि त्याखाली माझ्याच नावाने: "मामा, बायोडाटा पाठवलाय. मुलीकडच्यांना दाखवा. पसंत पडला तर रविवारी येतो."

पहिल्यांदा वाटलं, कुणी तरी मोबाइल हॅक केला. पण हॅक करणारा माणूस लग्नाची खटपट कशाला करील?

मामाने उत्तर दिलं होतं: "मुलीकडचा मीच आहे की! मुलगा काय करतो?"

त्यावर पुन्हा माझ्याकडून: "मामा, असं काय विचारताय? कंपनीत सुपरवायझर नाही का? तुम्हीच तर लावून दिलं."

"मी? कधी?"

"मामा, तब्येत बरी आहे ना?"

माझ्या नावाने माझ्या मामाशी कुणी तरी बोलत होतं आणि मी डिचोलीच्या रस्त्यावर बसमध्ये बसून ते वाचत होते. तेव्हा कुठे दुकानातला तो उघडा पडदा आठवला. तिथे माझं सगळं होतं. घरचा ग्रुप, शाळेचा ग्रुप, मुख्याध्यापिकांविषयी मैत्रिणीला लिहिलेलं बरंच काही.

वरचे तीन ठिपके दाबले, 'लिंक्ड डिव्हाइसेस' उघडलं. यादीत एकच नाव होतं: विंडोजवरचा ब्राउझर. त्यावर बोट ठेवलं, 'लॉग आउट' दाबलं. मोबाइलने कळवलं की जमलं नाही, इंटरनेट तपासा. रेंजची एकही काडी नव्हती. शेजारी काजूची पिशवी मांडीवर घेतलेली बाई बसली होती. मी मोबाइल खिडकीबाहेर धरला तशी ती म्हणाली, "बाय, पडेल तो. डिचोली आली की येते रेंज."

डिचोली येईपर्यंत मी खलनायिकेचे सगळे शाप त्या मिशीवाल्याला दिले.

स्टँडवर बस थांबली आणि मोबाइल थरथरला. मामाचे नवे मेसेज: "तू मला 'तुम्ही' कधीपासून म्हणायला लागलीस?" आणि लगेच, "असू दे. लग्न ठरलं की मुली बदलतात."

मी पुन्हा 'लॉग आउट' दाबलं. या वेळी यादीतलं नाव गेलं. मग तो फोटो, बायोडाटा आणि माझ्या नावाचे सगळे मेसेज निवडून 'डिलीट फॉर एव्हरीवन' केले. त्याआधी मात्र बायोडाट्यातला नंबर लिहून घेतला.

फोन लावला. पलीकडचा आवाज घाबरलेला होता.

"कोण बोलतंय?"

"तुम्ही आत्ता ज्यांना बायोडाटा पाठवलात ना, ते माझे मामा आहेत. तुमचे नाहीत."

मागे झेरॉक्स मशीनची घरघर चालू होती. तो म्हणाला, "आयला! तरीच म्हटलं, मामा असं का करायल्यात! आणि ताई, आत्ता सगळं गेलं बघा. पडद्यावर नुसता चौकोन आलाय."

तो गडहिंग्लजकडचा, डिचोलीच्या औद्योगिक वसाहतीत कामाला. सुट्टी घेऊन बायोडाटा टाइप करायला आला होता. त्याने आपलं व्हॉट्सअॅप आधी दुसऱ्या कॉम्प्युटरवर जोडलं, तर त्याचा माऊस चालेना. दुकानातल्या बाई म्हणाल्या, बाजूला बसा. बाजूला व्हॉट्सअॅप उघडंच. त्याला वाटलं बाईंनी त्याचंच उघडून दिलंय. शोधायच्या जागी 'मामा' टाइप केलं, मामा आले, डीपीला गणपती. त्याच्या मामांच्या डीपीलाही गणपतीच.

"बाकी काही वाचलं नाही ताई, देवाशप्पथ."

"बरं. पण तुमचं त्या पहिल्या मशीनवर अजून चालूच असेल. तिथून तरी लॉग आउट करा, नाहीतर मोबाइलवरून काढा." मी त्याला तीन ठिपक्यांपासून सगळं सांगितलं, दोन मिनिटांपूर्वी स्वतः शिकलेली असूनही जन्मभराच्या जाणकारासारखं.

"निघालं!" तो ओरडला. "उपकार झाले ताई. त्यात आईशी भांडलेलं सगळं होतं."

मामाला समजावणं त्याहून अवघड गेलं. "म्हणजे मुलगा खोटा?" तो विचारत राहिला. "मुलगा खरा आहे मामा, आपला नाही." एवढं ऐकूनही त्याने त्या मुलाला फोन केलाच, कारण डिलीट होण्याआधी त्याने नंबर टिपला होता. दोघांचं छान जमलं. लग्न त्याचं त्याच्याच मामाने आजऱ्याच्या मुलीशी ठरवलं आणि पत्रिका माझ्या मामालाही आली.

या घोटाळ्यानंतरच्याच रविवारी मी मामाकडे जेवायला गेले. त्याच्या मनात भीती बसली होती. मोबाइल पुढे करून म्हणाला, "माझं पण कुठे उघडं राहिलंय का पळय, बघ जरा." मी लिंक्ड डिव्हाइसेस उघडलं. यादीत एक अँड्रॉइड टॅबलेट होता, आणि मामाकडे टॅबलेट नव्हता.

"काढ, काढ! कोण चोर आहे कोण जाणे!"

मी काढला. आतून मामीचा आवाज आला, "अहो, माझ्या टॅबवरचं तुमचं व्हॉट्सअॅप कुणी बंद केलं?"

मामा माझ्याकडे बघत राहिला. मी पानातल्या सोलकढीकडे. मामी पदराला हात पुसत बाहेर आली, टॅब टेबलावर ठेवला आणि म्हणाली, "बाय, तुला येतं ना ते? परत जोडून दे."

मामाने मोबाइलचा लॉक उघडला आणि तो पुन्हा माझ्या हातात दिला.