पाव इंच आणि एक स्क्रू

सव्वीस इंचांची चौकट आणि पंचवीस इंचांची चाकाची खुर्ची. कागदावर आई आपल्या खोलीत सहज जायला हवी होती. पण दाराचा पल्ला सव्वा इंच जाड, आणि त्याच्यामागेच भिंत असल्यामुळे तो काटकोनापलीकडे उघडत नव्हता. उघड्या पल्ल्यानं ती जाडी चौकटीतून कापून घेतली की उरले पावणेपंचवीस. पाव इंच कमी. या पाव इंचासाठी माझी आई, मांडीचं हाड जोडून दवाखान्यातून आल्यापासून, बैठकीत पडून होती.

बैठकीत म्हणजे रस्त्यावरच्या दारासमोर. राळेगावात कोणी आजारी माणसाला भेटायला येताना आधी विचारत नाही. येणारा तिच्या कॉटपाशी खुर्ची ओढायचा, आणि ती पातळ सारखं करत पडून राहायची. कमोडचं भांडं आणायचं तर आधी पाहुण्यांना उठवावं लागे. न्हाणी तिच्या खोलीला लागून होती आणि तिथपर्यंत ती जाऊ शकत नव्हती.

"मले इथं काहून मांडून ठेवलं?" ती एकदा म्हणाली. "तिकीट तरी लाव."

उपाय सोपा होता. पल्ला उतरवायचा, पडदा लावायचा. तीन बिजागऱ्या, प्रत्येकीचे चौकटीकडचे चार स्क्रू, म्हणजे बारा. बस स्टँडाजवळच्या फिटरला बोलावलं. दोन पावसाळ्यांपूर्वी याच बिजागऱ्या त्यानंच बसवल्या होत्या, आणि ते काम मी उभं राहून पाहिलं होतं. त्यानं आधी भोक पाडलं नाही. स्क्रू चौकटीवर धरला आणि खिळ्यासारखा हातोडीनं ठोकला. शेवटचे दोन आटे तेवढे पेचकसानं फिरवले. मी तेव्हाच टोकलं होतं.

"काकाजी, सागवान हाय. कडक रायते. सारेच ठोकतात," तो म्हणाला होता.

सारेच ठोकतात. हे वाक्य ऐकलं की माझं डोकं तडकतं. स्क्रूला आटे दिलेत ते फिरवून आत जायला. ठोकला की आटे लाकडाचे तंतू फाडत जातात, आणि डोक्यावरची चौफुलीची खाच हातोडीच्या घावानं चेपते. त्यावर मग ऑइलपेंटचा हात मारतात. पुढे तो काढणाऱ्याचं काय, हा प्रश्न ठोकणाऱ्याला कधी पडत नाही.

या वेळी तो बॅटरीचं मशीन घेऊन आला. वरच्या दोन बिजागऱ्या सुटल्या. खालच्या बिजागरीचेही तीन स्क्रू निघाले. बाराव्यावर मशीन किंचाळलं. त्याची बिट झिजलेली होती आणि खाचेत रंग भरलेला होता. तो रंग खरवडायची तसदीही त्यानं घेतली नव्हती. तरी घोडा दाबतच राहिला. बिट गरगर फिरली, लोखंडाचा चुरा पडला, आणि खाचेच्या जागी एक गोल, गुळगुळीत वाटी उरली.

"झालं. आता ह्याचं काही नाही होत," म्हणत त्यानं पिशवीतून पटाशी काढली. स्क्रूच्या भोवतीनं लाकूड कोरायचं आणि डोकं उपसून काढायचं, असा त्याचा बेत होता.

"चौकटीला पटाशी लावायची नाही," मी म्हणालो.

"लाकूडच तं हाय, काकाजी. पुट्टी भरून देतो. वरून रंग मारला का कोणाच्या बापाले दिसत नाही."

"मला दिसेल. आणि उद्या बिजागरी परत बसवायची तर ती कशात धरेल? पुट्टीत?"

"मंग तुमीच काढा!" पिशवी उचलून तो चहा प्यायला निघून गेला.

पल्ल्याकडचे स्क्रू काढले असते तर पल्ला सुटला असता, हे मलाही कळत होतं. पण अर्धी बिजागरी चौकटीवर राहिली असती, बरोबर खुर्चीच्या चाकाच्या उंचीवर. बिजागरीची मधली कांडीही दोन्हीकडून ठोकून बंद केलेली. तीही निघणारी नव्हती.

मी सुईनं खाचेतला रंग काढला. सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा खाचेवर धरला, त्यावरून मोठ्या तोंडाचा पेचकस लावला आणि सारं वजन टाकून हळू फिरवला. रबर कधीकधी गुळगुळीत खाचेत पकड देतं. इथे रबर फाटलं. मग सोल्डरिंग आयर्न तापवून डोक्यावर टेकवलं, म्हणजे गरम होऊन रंग आणि गंज सुटेल. थंड झाल्यावर आधी घट्ट करायच्या बाजूला, मग उलट, असा झोका दिला. काही नाही. पाठीमागून बायको म्हणाली, "त्याला शिव्या देऊन स्क्रू फिरत असता, तर सकाळीच निघाला असता."

कॉटवरून आई सगळं पाहत होती. पडल्यापडल्या तिची नजर खाली, त्या बिजागरीच्या सुमाराला. आम्हा उभ्या माणसांना जे दिसत नाही ते तिला दिसतं.

"बाबू, दार लटकून राह्यलं ना," ती म्हणाली. "सारा भार त्या एकाच स्क्रूवर. तो फिरन कसा?"

मी वाकून पाहिलं. खरंच होतं. वरचे स्क्रू काढताना त्या भल्या माणसानं पल्ल्याखाली काहीच लावलं नव्हतं. सागवानाचा एवढा जड पल्ला एका स्क्रूवर तिरपा लोंबत होता आणि बिजागरी त्याला आवळून धरत होती. बायकोनं आणि मी पल्ला उचलून खाली दोन बाजूंनी लाकडी पाचरा सरकवल्या. बिजागरी सैल पडली.

स्क्रू तरीही फिरला नाही. त्याच्या डोक्यात धरायला काही उरलंच नव्हतं. तेव्हा डोकंच उडवायचं ठरवलं. चौकटीवर बिजागरीच्या कडेनं जाड पत्र्याचा तुकडा चिकटपट्टीनं लावला, माझं हातानं फिरवायचं गिरमिट घसरलं तर ओरखडा पत्र्यावर जावा म्हणून. त्या वाटीच्या मधोमध पंचानं खूण केली. आधी बारीक बिट, मग स्क्रूच्या दांड्याहून जराशी जाड, गिरमिट अगदी सावकाश. स्क्रूच्या डोक्यापुरतंच खोल जायचं, पुढे नाही. लोखंडाचा कीस निघत गेला आणि एका क्षणी डोक्याची कडी बिटीवर चढून गरकन फिरली.

बिजागरी अलगद बाहेर आली. मागे चौकटीबाहेर दांड्याचं टोक उरलं, पक्कडीत जेमतेम धरता येईल एवढं. लॉकवाल्या पक्कडीनं ते घट्ट धरलं आणि उलट फिरवलं. पहिला आटा कुरकुरला, पुढचे मुकाट आले. चौकटीवर एक स्वच्छ भोक राहिलं. भोवती एक टवकासुद्धा उडाला नव्हता.

पल्ला भिंतीला टेकवला. आता सव्वीस पुरे होते. आईला उचलून खुर्चीत बसवलं. मी खुर्ची ढकलायला गेलो तर तिनं माझा हात झटकला. चाकांवर स्वतःचे हात ठेवले आणि दोन्हीकडे अर्धा अर्धा इंच राखून आत गेली.

फिटर परत आला तेव्हा मी तो स्क्रू त्याच्या तळहातावर ठेवला. आट्यांत फाटलेल्या सागवानाचे तंतू अडकलेले होते. त्यानं तो उलटसुलट पाहिला.

"निंगला म्हणा की," एवढंच बोलला. चूक झाली, असं नाही. मला त्याचा राग तेव्हाही आला आणि आज लिहितानाही येतो आहे.

पडद्याच्या दांडीचे आकडे मात्र बसवायचे होते. माझ्याच घरी, माझ्याच चौकटीवर, त्यानं स्क्रू टेकवला आणि सवयीनं हातोडी उचलली. माझ्या तोंडून शब्द फुटायच्या आत खोलीतून आवाज आला.

"हातोडी खाली ठेव, बाबू. अगुदर भोक पाड. अन् लवकर पाड, मले पडदा पाह्यजे."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी गिरमिट त्याच्या हातात दिलं.